अनोळखी ऑनलाइन दुकान: विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रारीचा संपर्क कसा शोधावा

ऑनलाइन खरेदीत वस्तू खराब निघाली किंवा आलीच नाही, तर ग्राहकाला दाद मागता येते. पण ती कोणाविरुद्ध मागायची हे ठरल्यावरच. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना समोरच्या पक्षाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, कारण आयोगाची नोटीस त्याच पत्त्यावर जाते. दुकानाचे झळकते नाव किंवा बोधचिन्ह यांच्यावर नोटीस बजावता येत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याची खरी ओळख शोधणे हा खरेदीचाच भाग आहे. ही ओळख ग्राहकाला दिसेल अशी ठेवणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या आधारे केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू केले. या नियमांत ऑनलाइन विक्रीचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्या प्रकारात संकेतस्थळ केवळ बाजार भरवते. त्यावर अनेक स्वतंत्र विक्रेते आपापला माल विकतात. दुसऱ्या प्रकारात संकेतस्थळाची मालक संस्था स्वतःचाच माल विकते. हा फरक ग्राहकाने आधी ओळखला पाहिजे, कारण माहिती कुठे शोधायची आणि वाद झाल्यास जबाबदार कोण, ही दोन्ही उत्तरे त्यावर अवलंबून असतात.

बाजार भरवणाऱ्या संकेतस्थळाने प्रत्येक विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, तो नोंदणीकृत आहे की नाही, त्याचा भौगोलिक पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक आणि त्याला मिळालेले मानांकन दाखवायचे असते. विक्रेत्यानेही आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ईमेल, दूरध्वनी आणि लागू असेल तिथे जीएसटी क्रमांक व पॅन ही माहिती संकेतस्थळाला द्यायची असते. स्वतःचा माल विकणाऱ्या संस्थेला ही ओळख थेट आपल्याच संकेतस्थळावर ठेवावी लागते. दोन्ही प्रकारांत तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क जाहीर करावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार एका महिन्याच्या आत निकाली काढावी, असा नियम आहे.

मोठ्या बाजारावर ही माहिती वस्तूच्या पानावरच असते, पण चटकन नजरेत भरत नाही. किमतीजवळ किंवा खरेदीच्या बटणाखाली "Sold by" किंवा "Seller" असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि त्यापुढे विक्रेत्याचे नाव असते. बहुतेक वेळा या नावावर बोट ठेवले की विक्रेत्याचे स्वतंत्र पान उघडते. त्या पानाच्या तळाशी व्यवसायाचे नाव आणि पत्ता सापडतो. एकच वस्तू अनेक विक्रेते विकत असतील, तर किंमत बदलताच विक्रेताही बदलतो. त्यामुळे मागच्या महिन्यात ज्या पानावरून चांगली वस्तू मिळाली, तिथे आज दुसराच विक्रेता असू शकतो. "Sold by" ही ओळ म्हणूनच प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने वाचावी लागते.

त्याच पानावर आणखी एक नाव असते, आणि पुष्कळांचा गोंधळ तिथे होतो. वैधमापन कायद्याखालील वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादक, वेष्टनकर्ता किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली ते, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क ऑनलाइन पानावरही द्यावा लागतो. हा तपशील वस्तूच्या वर्णनात खाली असतो. उत्पादकाचे नाव प्रसिद्ध आहे म्हणून विक्रेताही विश्वासू आहे, असे समजता येत नाही. वस्तू बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असू शकतो. परताव्याचा प्रश्न विक्रेत्याशी निगडित असतो, तर वस्तूच्या हमीचा प्रश्न बहुतेकदा उत्पादकाशी.

समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून उघडणाऱ्या स्वतंत्र दुकानाची गोष्ट वेगळी आहे. तिथे मध्ये कोणताही मोठा बाजार नसतो, त्यामुळे सारी माहिती दुकानाच्याच संकेतस्थळावर शोधावी लागते. पानाच्या अगदी तळाशी "Contact Us", "About Us", "Terms", "Refund Policy" किंवा "Grievance" असे दुवे असतात. ते एकेक उघडून पाहावे लागतात, कारण कायदेशीर नाव पुष्कळदा पहिल्या पानावर नसून अटी आणि शर्तींच्या मजकुरात असते. विक्रेता कंपनी असेल, तर कंपनी कायद्याखालील नियमांनुसार ऑनलाइन व्यवसायाच्या संकेतस्थळावर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि चौकशीसाठी संपर्क करण्याच्या व्यक्तीचे नाव असले पाहिजे. स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्या दुकानाच्या संकेतस्थळावर यातले काहीच नसणे ही साधी बाब नाही.

अटी आणि शर्तींचे पान वाचण्याचे दुसरेही कारण आहे. फसवी दुकाने हा मजकूर स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्या संकेतस्थळावरून उचलतात. त्यामुळे दुकानाचे नाव एक आणि अटींमधल्या कंपनीचे नाव भलतेच, असे घडते. कधी एखाद्या परदेशी शहराच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र लिहिलेले असते. कधी नाव-पत्ता भरण्यासाठी ठेवलेली चौकटी कंसातली जागा तशीच रिकामी राहिलेली असते. अशा विसंगती शोधायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

नाव आणि पत्ता सापडला, की तो खरा आहे का हे पाहावे लागते. यासाठी सामान्य ग्राहकाच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो आणि त्याची रचना ठरलेली असते. केवळ नमुन्यासाठी घेतलेला, प्रत्यक्षात नसलेला एक क्रमांक पाहू: 27AAAPA0000A1Z5. पहिले दोन अंक राज्याचे असतात. 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा, 24 म्हणजे गुजरात, 07 म्हणजे दिल्ली. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे विक्रेत्याचा पॅन. त्यानंतरचे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेल्या नोंदणीचा क्रम सांगते. चौदावे अक्षर सहसा Z असते आणि शेवटचे तपासणीसाठी असते.

पॅनमधले चौथे अक्षर मालकी कशी आहे ते सांगते. P म्हणजे व्यक्ती, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी संस्था, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. जीएसटी क्रमांकात हे अक्षर सहाव्या जागी येते. वरच्या नमुन्यात तिथे P आहे. म्हणजे हा व्यवसाय एका व्यक्तीच्या नावावर आहे. संकेतस्थळ स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणत असेल आणि सहावे अक्षर P असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. एवढी विसंगती पडद्यावर नुसत्या नजरेने पकडता येते.

पुढची पडताळणी जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे www.gst.gov.in येथे, विनामूल्य होते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. "Search Taxpayer" या विभागात "Search by GSTIN/UIN" निवडून क्रमांक टाकायचा आणि चित्रातली अक्षरे भरायची. उत्तरात व्यवसायाचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, मालकीचा प्रकार, व्यवसायाचे मुख्य ठिकाण आणि नोंदणीची सद्यस्थिती दिसते. सद्यस्थिती "Active" असायला हवी. "Cancelled" किंवा "Suspended" असेल, तर त्या नोंदणीवर सध्या व्यवसाय चालायला नको. कोणत्या मालाच्या किंवा सेवेच्या व्यवहारासाठी नोंदणी घेतली आहे, हेही तिथे पाहता येते. मागील विवरणपत्रे भरली आहेत का, हे "Show Filing Table" या बटणाने कळते.

क्रमांक अस्तित्वात आहे एवढ्यावर समाधान मानू नये. जीएसटी क्रमांक बिलावर छापलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याचा क्रमांक उचलून स्वतःच्या संकेतस्थळावर टाकणे अवघड नाही. म्हणून सरकारी नोंदीतले नाव, पत्ता आणि व्यवसाय हे तिन्ही संकेतस्थळावरच्या माहितीशी जुळले पाहिजेत. विक्रेता कंपनी असेल, तर अशीच पडताळणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या www.mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने करता येते. तिथे स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता आणि कंपनी चालू आहे की बंद, हे कळते.

हे सारे एकत्र कसे वापरायचे ते एका काल्पनिक पण नेहमीच्या प्रसंगावरून पाहता येईल. समजा, पुण्यातल्या एका ग्राहकाला मोबाईलवर जाहिरात दिसली: येवल्याच्या विणकरांकडून थेट, हातमागाची अस्सल रेशमी पैठणी १,९९९ रुपयांत, आज रात्री बारापर्यंतच. दुवा उघडल्यावर सुंदर छायाचित्रे, शेकडो पंचतारांकित अभिप्राय आणि खाली-खाली सरकणारे घड्याळ आहे. संपर्काच्या पानावर एक मोबाईल क्रमांक, मोफत सेवेवरचा ईमेल आणि "येवला, जि. नाशिक" एवढाच पत्ता आहे. गल्ली, घर क्रमांक, पिनकोड नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव कुठेच नाही. इथेच पहिली शंका उपस्थित होते, कारण या पत्त्यावर टपालही पोहोचणार नाही.

ग्राहक अटींचे पान उघडतो. तिथे एक जीएसटी क्रमांक आहे, पण तो 07 ने सुरू होतो. म्हणजे नोंदणी दिल्लीची आहे आणि दावा येवल्याचा. हे एकटे कारण फसवणूक सिद्ध करत नाही. दिल्लीचा व्यापारी येवल्याचा माल घेऊन विकू शकतो. पण मग "विणकरांकडून थेट" हा दावा टिकत नाही. सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर कायदेशीर नाव वेगळेच निघते, नोंदणी मोबाईलच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी घेतलेली दिसते आणि सद्यस्थिती "Cancelled" असते. आता तीन गोष्टी जुळत नाहीत: नाव, ठिकाण आणि माल. ग्राहक संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कधी झाली तेही पाहतो. .in ने संपणाऱ्या नावांसाठी ही माहिती registry.in वर आणि .com सारख्या नावांसाठी lookup.icann.org वर मिळते. नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीची निघते, आणि अभिप्राय मात्र दोन वर्षांपूर्वीच्या तारखांचे आहेत. इथे शोध संपतो. अभिप्राय खोटे असल्याचा याहून स्पष्ट पुरावा लागत नाही.

याच्या उलट दुसरे दुकान घेऊ. येवल्यातले एक छोटे कुटुंब समाजमाध्यमावरून पैठण्या विकते. त्यांच्या पानावर जीएसटी क्रमांक नाही. पण मालकाचे पूर्ण नाव आहे, घर क्रमांक आणि पिनकोडसह पत्ता आहे, फोन उचलला जातो आणि माल परत घेण्याची अट स्पष्ट सांगितली जाते. जीएसटी क्रमांक नसणे हे इथे दोषाचे लक्षण नाही. केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि तो राज्यातल्या राज्यात विकत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सामान्यतः नोंदणी घ्यावी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या ऑनलाइन बाजारावर राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही अशी सवलत मिळाली आहे. दुसऱ्या राज्यात माल पाठवणाऱ्याला मात्र सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत त्यातून सूट आहे. बचत गट, विणकर, घरगुती मसाले करणाऱ्या महिला यांना केवळ क्रमांक नाही म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याकडे उद्यम नोंदणी असेल, तर तो क्रमांक udyamregistration.gov.in वर तपासता येतो. खाद्यपदार्थ असतील, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक पानावर असायला हवा, तो foscos.fssai.gov.in वर पाहता येतो.

दोन्ही दुकानांतला फरक क्रमांक असण्या-नसण्याचा नाही. पहिल्याने दिलेली माहिती एकमेकींशी जुळत नाही. दुसऱ्याने थोडीच माहिती दिली, पण त्या माहितीच्या आधारे माणसापर्यंत पोहोचता येते. निर्णयाची कसोटी हीच आहे.

नाव-पत्त्याइतकाच तक्रारीचा संपर्कही खरेदीपूर्वी तपासून पाहता येतो. दिलेल्या ईमेलवर एक साधा प्रश्न पाठवावा: वस्तू सदोष निघाली तर परत पाठवण्याचा खर्च कोण करेल आणि परतावा किती दिवसांत मिळेल? दिलेल्या क्रमांकावर एकदा फोन करावा. माल विकण्यापूर्वी जो विक्रेता उत्तर देत नाही, तो पैसे मिळाल्यावर देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. उत्तर आले, तर ते जपून ठेवावे. तो विक्रेत्याने लेखी दिलेला शब्द असतो. पत्ता नकाशावर शोधून तिथे खरोखर दुकान, गोदाम किंवा कार्यालय आहे का, हेही पाहावे.

तक्रारीचा क्रमांक शोधताना एक धोका टाळावा लागतो. प्रसिद्ध दुकानाच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रावर शोधला, तर भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक वर येऊ शकतात. म्हणून क्रमांक नेहमी त्या दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधूनच घ्यावा. खरा तक्रार निवारण अधिकारी ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा मोबाईलचा पडदा दूरवरून पाहण्याचे ॲप मागत नाही. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

पैसे भरतानाही ओळख पटवण्याची एक शेवटची संधी मिळते. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते. ते नाव दुकानाच्या कायदेशीर नावाशी किंवा मालकाच्या नावाशी जुळले पाहिजे. दुकान कंपनीचे आणि पैसे कुणा अपरिचित व्यक्तीच्या खात्यावर जात असतील, तर तिथेच थांबावे. वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सोय थोडा धीर देते, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पुष्कळदा पार्सल पैसे दिल्याशिवाय उघडू दिले जात नाही आणि आत दुसरीच वस्तू निघते. अशा वेळी वेष्टनावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता हाच एक धागा हाती उरतो, म्हणून वेष्टन फाडून फेकू नये.

या तपासणीच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे. जीएसटी क्रमांक, कंपनी नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला विक्रेताही निकृष्ट माल पाठवू शकतो. उद्यम नोंदणी तर विक्रेत्याने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. परदेशातून थेट माल पाठवणाऱ्या दुकानांनाही, ती भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकत असतील तर, २०२० चे नियम लागू होतात. पण इथे पत्ता आणि प्रतिनिधी नसेल, तर प्रत्यक्ष वसुली फार कठीण जाते. पडताळणीचा उपयोग इतकाच आणि इतका मोठा आहे की, व्यवहार बिघडला तर जबाबदार पक्ष नाव-पत्त्यासह हाती असतो.

म्हणून जे सापडले ते खरेदीच्या वेळीच जपून ठेवावे. वस्तूचे पान, विक्रेत्याचे नाव-पत्ता, परताव्याच्या अटी, तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क आणि जीएसटीच्या संकेतस्थळावरचे उत्तर यांचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावेत. फसवी पाने दोन दिवसांत गायब होतात. प्रामाणिक पानांवरचेही विक्रेते आणि अटी बदलतात. मोठ्या बाजारावरून खरेदी केल्यावर विक्रेत्याची माहिती अपुरी वाटली, तर ग्राहक लेखी विनंती करून बाजाराकडून ती मागू शकतो. वाद सोडवण्यासाठी लागणारी ही माहिती देणे बाजारावर बंधनकारक आहे. केलेल्या प्रत्येक तक्रारीला क्रमांकही मिळाला पाहिजे, म्हणजे तिचे पुढे काय झाले हे पाहता येते.

महिनाभरात तक्रार सुटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा consumerhelpline.gov.in वर ती नोंदवता येते. तिथेही तडजोड झाली नाही, तर ग्राहक राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. दुकानच बनावट निघाले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. ज्या दुकानाचे कायदेशीर नाव, टपाल पोहोचेल असा पत्ता आणि उत्तर देणारा तक्रारीचा संपर्क सापडत नाही, तिथे किंमत कितीही कमी असली तरी खरेदी करू नये.